रिकाम्या त्रिकोणाचा फोटो: नव्या चालकाला रस्त्यावरची पाटी आणि पट्टे कसे समजावून सांगायचे

भाचीला लायसन्स मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका दुपारी व्हॉट्सअॅपवर तिचा फोटो आला. लोखंडी खांब, त्यावर लाल काठाचा पांढरा त्रिकोण, टोक खाली. आत चित्र नाही, अक्षर नाही, काहीच नाही. खाली मेसेज होता, "मामा, ह्या बोर्डावर चित्र काढायचं राहिलंय का?"

मी नाशकात बरीच वर्षं गाडी शिकवतो, म्हणजे डाव्या सीटवर बसून जादाचा क्लच-ब्रेक दाबायचं काम करतो. मला हसू आलं, पण प्रश्न खराच होता. हीच पाटी तिने लर्निंगच्या परीक्षेत बरोबर ओळखली होती. तिथे स्क्रीनवर पाटी होती आणि खाली पर्याय होते. रस्त्यावर पर्याय येत नाहीत, मागून हॉर्न येतात.

हल्ली माझ्याकडे असे फोटो नेहमी येतात. शिकून गेलेली मुलं पाठवतात, कधी त्यांचे वडीलही पाठवतात, कारण घरी वाद झालेला असतो. तुमच्याही घरात कोणी नवं चालवणारं असेल, तर फोटो तुमच्याकडे येणारच. "ही अमुकची पाटी" एवढं उत्तर देऊन भागत नाही. मी कसं सांगतो ते भाचीच्या त्याच फोटोवरून मांडतो.

आधी दुसरा फोटो मागवा

तिने पाठवला होता तो नुसता पाटीचा फोटो, तोही झूम करून. अशा फोटोवरून पाटीचं नाव सांगता येतं, ती कोणासाठी आहे ते नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर आपल्याकडे वर उड्डाणपूल, खाली रस्ता, बाजूला सर्व्हिस रोड आणि मध्येच चढायचे-उतरायचे रॅम्प असा सगळा पसारा आहे. दहा-पंधरा मीटरच्या रुंदीत तीन वेगवेगळ्या रस्त्यांच्या पाट्या उभ्या असतात. झूम केला की मागचं-पुढचं सगळं एकाच कागदावर चिकटवल्यासारखं दिसतं आणि सर्व्हिस रोडची पाटी हायवेची वाटते.

म्हणून मी तिला सांगितलं, की चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, झूम न करता, पाटी आणि तिच्या पायाशी असलेलं डांबर दोन्ही येईल असा फोटो पाठव. मग एक जवळून, खांबाला खाली आणखी छोटी पाटी असेल तर तीही दिसेल असा. फोटो शेजारी बसलेल्याने काढायचा. चालवताना हातात मोबाइल धरणं हा गुन्हाच आहे. एकटे असाल तर पुढे नीट जागा बघून गाडी लावा आणि चालत मागे या. पुलावर किंवा रॅम्पवर गाडी थांबवून फोटो काढणारेही पाहिलेत. पाटी कळायच्या आतच मागून कोणीतरी आदळायचं.

फोटो आला की अर्थ सांगण्याआधी मी दोन गोष्टी तपासतो. पाटीची छापलेली बाजू खरंच आपल्या दिशेने आहे का? बाजूच्या रस्त्याकडे तोंड करून उभी असलेली पाटी तिरक्या फोटोत आपलीच वाटते. प्लेटची जाडी किंवा मागची पट्टी दिसत असेल तर ती बहुधा दुसऱ्यासाठी आहे. आणि फोटो आरशासारखा उलटा तर नाही ना? पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या किंवा कुठून तरी फिरत आलेल्या फोटोत डावं-उजवं बदललेलं असू शकतं. मागच्या दुकानाच्या बोर्डावरची अक्षरं सरळ वाचता आली की फोटो ठीक आहे.

एलईडीचा सिग्नल किंवा चालत्या अक्षरांचा बोर्ड फोटोत अर्धवट किंवा बंद दिसू शकतो. तिथे फोटोपेक्षा डोळ्यांनी जे पाहिलं तेच खरं.

आकार, मग रंग, चित्र सगळ्यात शेवटी

नवीन चालवणारा पहिल्यांदा चित्र बघतो. चित्र नसलं की अडतो, जशी भाची अडली. तिला मी उलट्या क्रमाने वाचायला लावलं.

टोक वर असलेला त्रिकोण सावध करतो. पुढे वळण आहे, शाळा आहे, गतिरोधक आहे, अरुंद पूल आहे. गोल पाटी हुकूम देते, तो मोडला तर दंड. चौकोनी पाटी माहिती देते: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग, गावाचं नाव. एवढ्यावर बहुतेक पाट्यांचा निकाल लागतो. दोन पाट्यांना मात्र मुद्दाम वेगळा आकार दिलाय, जो बाकी कोणालाच नाही. अष्टकोन म्हणजे थांबा. टोक खाली असलेला त्रिकोण म्हणजे रस्ता द्या. पाटीवर चिखल बसला, रंग उडाला, अगदी मागच्या बाजूने पाहिली तरी ह्या दोन ओळखू याव्यात हा त्यामागचा हेतू. रस्ता द्या ह्या पाटीला म्हणूनच चित्र लागत नाही. ती रिकामीच असते.

रंगाचा नंबर दुसरा, कारण रंग दगा देतो. उन्हाने सगळ्यात आधी लाल उडतो. जुन्या पाटीचा लाल काठ फिका गुलाबी होतो, मग करडा, शेवटी पांढऱ्यातच विरतो. आकार मात्र पत्र्यातच कापलेला असतो, तो उडत नाही. तरीही गोल पाट्यांमध्ये रंग बघावाच लागतो. लाल काठात ५० लिहिलं असेल तर ५० च्या वर जायचं नाही. निळ्या गोलात ५० असेल तर ती किमान वेगाची पाटी, म्हणजे त्याच्या खाली रेंगाळायचं नाही. लाल काठ मना करतो, निळा गोल करायला लावतो. नुसता आकडा वाचणारा इथे बरोबर उलटं करून बसतो.

भाचीला मी ह्यावर एक कोडं घातलं. रिकामा त्रिकोण कळला, मग लाल काठाचा रिकामा गोल दिसला तर? ती म्हणाली, "तोही रस्ता द्या?" नाही. रिकामा लाल गोल म्हणजे ह्या रस्त्यावर वाहनांना दोन्ही बाजूंनी बंदी. एक रिकामी पाटी "बघून जा" म्हणते, दुसरी "जाऊच नको". फरक फक्त आकाराचा. पूर्ण लाल गोलात पांढरी आडवी पट्टी असेल ती प्रवेश बंदची. तिथे तुम्हाला शिरता येत नाही, पण समोरून गाड्या येणार हे गृहीत धरायचं.

एक घोटाळा आपल्याकडे होतो तो सांगून ठेवतो. खांबाचा एक बोल्ट सुटला की पाटी फिरते. सावधगिरीचा त्रिकोण अर्धा फिरून टोक खाली करून लटकतो आणि रस्ता द्या वाटतो. अशा वेळी आत बघायचं. उलटं लटकलेलं का होईना, काळं चित्र असेल तर ती सावधगिरीचीच पाटी आहे. रिकामा असेल तरच रस्ता द्या. आणि खात्री करायची असेल तर नजर खाली डांबरावर न्यायची.

डांबर काय सांगतं

भाचीचा दुसरा फोटो आला तेव्हा सगळं उलगडलं. ती सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यात शिरायच्या वाटेवर होती. उजवीकडे मुख्य रस्ता, डावीकडे दुकानं, पुढे दोन्ही रस्ते एकत्र होतात. पाटी डाव्या हाताला. तिच्या पुढे डांबरावर, तिच्याच लेनला आडव्या, छोट्या छोट्या पांढऱ्या तुकड्यांच्या दोन ओळी. त्यांच्या अलीकडे रस्त्यावर रंगवलेला एक पांढरा त्रिकोण, अर्धा पुसलेला.

ह्या आडव्या तुटक ओळी म्हणजे पाटीचा उरलेला अर्धा भाग. पाटी सांगते काय करायचं, ओळी सांगतात कुठे करायचं. वाट बघायची असेल तर गाडीचं नाक ह्या ओळींच्या अलीकडे ठेवायचं. तिथे एकच जाड सलग आडवी रेषा असती, तर ती स्टॉप लाइन. म्हणून "पाटी नीट दिसत नाही" असा फोटो आला, की मी आधी आडवी रेषा सलग आहे की तुटक ते विचारतो.

थांबा आणि रस्ता द्या ह्यातला फरक नव्या माणसाला असा सांगावा. अष्टकोनापाशी रस्ता पार मोकळा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, मग बघायचं, मग निघायचं. उलट्या त्रिकोणापाशी थांबलंच पाहिजे असं नाही. वेग इतका कमी करायचा की थांबावं लागलं तर ओळींच्या अलीकडेच थांबता येईल. मुख्य रस्ता मोकळा दिसला तर न थांबता शिरा. कोणी येत असेल तर त्याला ब्रेक दाबावा लागता कामा नये, डावीकडे-उजवीकडे सरकावं लागता कामा नये. मी मुलांना हीच कसोटी देतो: तुमच्यामुळे त्याला काहीही करावं लागलं, तर तुम्ही रस्ता दिला नाहीत.

"पण मामा, तिथे कोणीच थांबत नाही. मी थांबले की मागचा हॉर्न वाजवतो." हे खरंय. मागच्याला ती पाटी दिसतही नसेल. पण मुख्य रस्त्यावरून येणारा ट्रकवाला पाटी नसल्यासारखा चालवत नाही. पहिला हक्क आपला आहे हे त्याला माहीत असतं आणि तो त्याच हिशोबाने येतो.

त्या ओळीपाशी थांबल्यावर किती मोकळी जागा हवी

हे पुस्तकात नसतं आणि नव्या चालवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

ताशी ८० ने येणारा ट्रक सेकंदाला साधारण २२ मीटर येतो. तुमची छोटी हॅचबॅक उभी असताना पहिल्या गिअरपासून ५० च्या वेगाला जायला नवख्या हातात सहा-सात सेकंद सहज लागतात, गिअर अडकला तर जास्तच. सात सेकंदांत ट्रक १५० मीटर पुढे आलेला असतो. रस्त्यावरच्या दिव्यांच्या दोन खांबांत ३० मीटर धरले, तर हे पाच खांब झाले. म्हणजे ट्रक पाच खांबांच्या आत असेल तर निघायचं नाही. हा किमान आकडा. पहिले काही महिने मी सात खांब सांगतो. खांबांमधलं अंतर जागोजागी वेगळं असतं, म्हणून आपल्या रोजच्या जागी एकदा पावलांनी मोजून बघावं.

हे अंतर फोटोवरून मात्र ठरवू नका. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद दिसणारा असतो, त्यात लांबच्या वस्तू आहेत त्याहून लांब आणि बारीक दिसतात. फोटोत ट्रक "अजून तिकडे लांब" वाटतो. भाचीच्या फोटोत एक टँकर अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता, खांब मोजले तर तो चौथ्या खांबापाशी होता.

आणि बघायचं कुठे? आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यात शिरताना गाड्या उजवीकडून, मागून येतात. नुसत्या उजव्या आरशात पाहिलं तर बरोबर शेजारची मोटारसायकल सुटते. मान खांद्यावरून मागे वळवून एकदा बघायचं. माझ्या डाव्या सीटवरून मला तेवढंच दिसतं: मान वळली की नाही.

दोन रस्ते मिळतात तिथलं रंगवलेलं नाक

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट होती, जी तिने विचारलीच नव्हती. ओळींच्या पुढे, तिच्या रस्त्याच्या आणि मुख्य रस्त्याच्या मधोमध, तिरप्या पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेला लांबट त्रिकोण. कडेने सलग रेषा. बरेच जण ह्याला सजावट समजतात आणि त्याच्यावरून सरळ उजवीकडे घुसतात.

ह्या पट्ट्यांवर चाक जाता कामा नये. तो रंगवलेला डिव्हायडर आहे, फक्त सिमेंटचा नाही एवढंच. त्याचा उपयोग असा, की तो संपेपर्यंत तुम्ही मुख्य रस्त्याला समांतर होता, वेग वाढवता आणि मग सरकता. मध्येच त्याच्यावरून कापलं तर गाडी तिरपी शिरते. तिरप्या गाडीच्या आरशात मागचा रस्ता दिसतच नाही, फक्त कठडा दिसतो. त्रिकोण संपला की पुढे सलग रेषा तुटक होते. रेषा तुटक झाली म्हणजे आता लेन बदलायला परवानगी. सलग असेपर्यंत धीर धरायचा.

ह्याच्या उलट जागा म्हणजे उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं हे ठरवायचं टोक. तिथे कठड्याच्या नाकावर काळ्या-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांची उभी पाटी असते. ती नुसती "जपा" म्हणत नाही, बाजूही दाखवते. पट्ट्या ज्या बाजूला खाली उतरतात, त्या बाजूने जायचं. उजवीकडे उतरत असतील तर अडथळा डावीकडे ठेवून उजव्या बाजूने निघायचं. मधून दोन्ही बाजूंना उतरत असतील, छपरासारख्या, तर दोन्हीकडून वाट आहे. छपरावरचं पाणी जिकडे वाहील तिकडे गाडी, असं मी सांगतो. लहान पोरांनाही ते कळतं.

त्या टोकाशी येऊन "वर की खाली" असा विचार करत ब्रेक मारणारे फार. चुकून वर चढलात तर चढलात. पुढच्या उतारावरून उतरून सर्व्हिस रोडने परत या, पाच-दहा मिनिटं जातील. रिव्हर्स घ्यायचा नाही.

घाटातला फोटो: दोन रेषा, एक सलग, एक तुटक

पंधरा दिवसांनी तिचा दुसरा प्रश्न आला. मैत्रिणींबरोबर पेठ रोडने गेली होती, सावळ घाटात. फोटोत रस्त्याच्या मधोमध दोन समांतर रेषा, एक सलग, एक तुटक. "ओव्हरटेक करता येतो की नाही?"

ह्या फोटोचं उत्तर फोटो कुठल्या बाजूने काढलाय त्यावर अवलंबून. मी विचारलं, "गाडी कुठल्या दिशेला जात होती, आणि फोटो पुढच्या काचेतून काढलास की मागच्या?" ती हसली. मागच्या सीटवरच्या मैत्रिणीने मागच्या काचेतून काढला होता. म्हणजे फोटोत जी रेषा डावीकडे दिसते, ती चालवताना उजवीकडे होती.

नियम असा: दोन रेषांमधली जी तुमच्या लेनला लागून आहे तीच तुमची, पलीकडची समोरच्याची. तुमची तुटक असेल तर समोरचा रस्ता मोकळा दिसतोय ह्या अटीवर तुम्ही ओलांडू शकता. तुमची सलग असेल तर नाही, समोरून कोणी येत नसलं तरी नाही. एकाच जागी जाताना परवानगी असते आणि येताना नसते, कारण वळणाच्या एका बाजूने लांबवर दिसतं आणि दुसऱ्या बाजूने नाही. दोन्ही सलग असतील तर कोणालाच नाही.

"पांढरी असेल तर चालतं, पिवळी असेल तर नाही" हे मी कितीतरी लोकांकडून ऐकलंय. त्यावर विसंबू नका. पांढरी असो की पिवळी, सलग रेषा ओलांडायची नाही एवढं धरून चाललं की चूक होत नाही.

एक बारकावा मात्र फोटोत छान दिसतो. तुटक रेषेचे तुकडे लांब आणि मधल्या फटी आखूड होत जातात, तेव्हा ती पुढे सलग होणार असते. रेषा दाट व्हायला लागली की नवीन ओव्हरटेक सुरू करायचा नाही, चालू असेल तर पटकन आत यायचं.

पट्टेच नीट दिसत नसतील तर

सिंहस्थ जवळ आला की आपल्याकडे रस्ते खोदले जातात, नवे होतात, पट्टे पुन्हा मारले जातात. मग एका फोटोत दोन-दोन रेषा येतात, एक ठळक आणि तिच्या शेजारी जुनी, काळ्या रंगाने झाकलेली. उन्हात जुनी दिसत नाही. रात्री पाऊस पडला की दोन्ही सारख्याच चमकतात. अशा वेळी मी दोन फोटो मागतो, एक दिवसाचा आणि एक रात्री फ्लॅश लावून. नव्या पट्ट्यात काचेचे बारीक मणी असतात, ते फ्लॅशमध्ये पांढरे उजळतात. नवा गरम करून ओतलेला पट्टा डांबराच्या वर दोन-अडीच मिलिमीटर उठलेला असतो, रहदारी नसताना बुटाच्या टोकाला कळतो. जुना रंग सपाट असतो.

भर पावसात मण्यांवर पाण्याचा थर बसतो आणि नवा पट्टासुद्धा नाहीसा होतो. तेव्हा रस्त्यावरचे चमकणारे कॅट आय बघायचे. डाव्या कडेला लाल, डिव्हायडरच्या बाजूला पिवळे, लेनच्या मध्ये पांढरे. लाल दिवे तुमच्या उजवीकडे दिसायला लागले तर तुम्ही रस्ता सोडून कडेला उतरलाय.

आणि फोटोत पोलीस उभा असेल, हात दाखवत असेल, तर पाटी आणि सिग्नल दोन्ही बाजूला ठेवा. त्याचा हात आधी. नाशकातल्या द्वारका चौकात गर्दीच्या वेळी हे रोज बघायला मिळतं.

पार्किंगच्या पाट्यांवर फार वेळ घालवत नाही. निळ्या गोलावर एक लाल तिरकी रेघ म्हणजे गाडी लावू नका, माणूस उतरवायला क्षणभर थांबलात तर चालतं. लाल फुली म्हणजे थांबूही नका. कॉलेज रोडला "फक्त दोन मिनिटं" म्हणणाऱ्याने आधी रेघ आहे की फुली ते बघावं.

उत्तर तीन वाक्यांत

समजावणाऱ्यासाठी एक सूचना. नव्या माणसाला पाटीचं नाव पाठवू नका, पायांनी आणि हातांनी काय करायचं ते पाठवा. भाचीला मी शेवटी लिहिलं ते असं: "ही रस्ता द्या ची पाटी, तुझ्यासाठीच आहे. आडव्या तुटक ओळींच्या अलीकडे दुसऱ्या गिअरवर ये, मान उजवीकडे वळवून बघ, सात खांबांच्या आत काही असेल तर थांब. तिरप्या पट्ट्यांवर चाक घालू नको, रेषा तुटक झाली की उजवीकडे सरक." गाडीत बसण्याआधी तिने ते दोनदा वाचलं म्हणे.

गेल्या आठवड्यात तिने आणखी एक फोटो पाठवला. जुन्या गावातली एक गल्ली, तोंडाशी खांब, त्यावर लाल काठाचा रिकामा गोल. ह्या वेळी प्रश्न नव्हता. "मामा, रिकामा गोल. मी आत गेले नाही, गाडी बाहेर लावून चालत गेले. बरोबर ना?"

मी फोटो मोठा करून पाहिला. गोलाच्या खाली पांढऱ्या आयताची वरची कड दिसत होती, बाकी फोटोत कापलं गेलं होतं.

"बरोबर. पण खाली छोटी पाटी आहे, ती कुठेय?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. ती परत जाऊन बघून आली होती. छोट्या पाटीवर लिहिलं होतं, सकाळी ९ ते रात्री ९. ती गेली होती तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.